धागा: जुन्या नाशिकमधला वाडा विकतोय. तिघांचा टॅक्स किती आणि पैसे कुठे गुंतवायचे?

गोदाकाठ
नमस्कार. वडिलांनी १९७८ साली जुन्या नाशिकमध्ये वाडा घेतला होता. २००९ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नाही. मिळकत पत्रिकेवर आई, मी आणि बहीण अशा तिघांची वारस नोंद झालेली आहे, हिस्से समान. आई ७२ वर्षांची, फॅमिली पेन्शन आहे. मी नोकरी करतो, पगार साधारण ९ लाख. बहीण गेली अकरा वर्षे कॅनडात आहे.

वाडा १ कोटी ३५ लाखांना ठरलाय. खरेदीखत डिसेंबर २०२५ अखेरीस होईल. एजंटची दलाली एक टक्का. सरकारी मूल्यांकन १ कोटी २८ लाख निघालं, म्हणजे व्यवहार त्याच्या वरच आहे. इसाराचे ५ लाख ऑक्टोबरमध्ये माझ्या खात्यात चेकने आले. व्हॅल्युअरकडून २००१ ची किंमत काढून घेतली आहे, त्यांनी २६ लाखांचा रिपोर्ट दिलाय.

आईला दरमहा व्याज हवंय, जोखीम नको. मला पाथर्डी फाट्याच्या बाजूला फ्लॅट घ्यायचा आहे. तिघांना टॅक्स किती बसेल आणि तो कायदेशीरपणे कमी कसा करायचा?

सराफबाजार
दादा, वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर आपल्याकडे टॅक्स नाही, तो १९८५ लाच गेला. आणि विक्रीवर काही निघालाच तर पैसे बँकेत कॅपिटल गेन खात्यात टाकायचे, की विषय संपला. उगीच सीएची फी भरू नका.

मेघना_ना
सराफबाजार, १९८५ साली गेला तो मृत्यूनंतर इस्टेटीवर लागणारा कर. वाडा तिघांच्या नावावर आला तेव्हा त्यांना काही भरावं लागलं नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ते आता विकतायत, आणि विकण्यातून होणारा नफा करपात्रच आहे. कॅपिटल गेन खातं हा थांबा आहे. त्यातून घर घेतलं नाही तर मुदत संपल्यावर टॅक्स लागतोच.

गोदाकाठ, आधी मनाशी एक पक्कं करा. वाडा एक असला तरी टॅक्सच्या दृष्टीने हे तीन वेगळे विक्रेते आहेत. तीन पॅन, तीन रिटर्न, तीन हिशेब. म्हणून खरेदीखतात तिघांचे हिस्से आणि प्रत्येकाच्या नावाचे वेगळे चेक किंवा आरटीजीएस लिहून घ्या. सगळी रक्कम तुमच्या खात्यात आणून मागाहून वाटली, तर आई आणि बहिणीच्या रिटर्नमधली विक्री त्यांच्या बँक स्टेटमेंटशी जुळत नाही आणि दोन वर्षांनी नोटीस येते. इसाराचे ५ लाख तुमच्या खात्यात आलेत ना, त्यातले दोघींचे वाटे आत्ताच त्यांच्या खात्यांत पाठवून द्या आणि खरेदीखताच्या मजकुरात तसं नमूद करा.

आता किमतीबद्दल. वारसाला मालमत्ता फुकट मिळालेली असते, पण तुमची खरेदी किंमत शून्य धरत नाहीत. वडिलांची किंमत तुमची धरतात. त्यांनी २००१ च्या आधी घेतलं होतं म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. मालकीचा काळही वडिलांपासून मोजतात, त्यामुळे नफा दीर्घ मुदतीचाच.

तुमचा २६ लाखांचा रिपोर्ट मात्र जसाच्या तसा चालणार नाही. २०२० च्या वित्त कायद्याने यावर छत घातलंय. जमीन किंवा इमारतीची २००१ ची किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून जास्त धरता येत नाही. म्हणजे २००१ सालच्या रेडी रेकनरने, सरकारी दरांच्या पुस्तिकेने, जेवढी निघेल तेवढीच कमाल. व्हॅल्युअरने रेकनर लावलाय की आजूबाजूचे जुने व्यवहार पाहून बाजारभाव काढलाय? जागेचं क्षेत्रफळ आणि बांधकाम किती, तेही सांगा.

गोदाकाठ
ताई, रिपोर्टमध्ये "प्रचलित बाजारभावानुसार" असं लिहिलंय. जागा २४० चौ.मी., जुनं बांधकाम दोन मजले मिळून ३०० चौ.मी. व्हॅल्युअरला आज फोन केला. त्यांच्याकडे २००१ ची पुस्तिका आहे. आमच्या विभागाचा जमिनीचा दर चौ.मी.ला ७,५०० रुपये दिसतो म्हणाले, बांधकाम ४,००० चा दर धरून त्यावर ७५ टक्के घसारा.

मेघना_ना
मग जमीन १८ लाख आणि बांधकाम घसारा जाऊन १,००० च्या दराने ३ लाख. एकूण २१ लाख. हीच तुमची मर्यादा. त्यांच्याकडून २१ लाखांचा सुधारित रिपोर्ट घ्या आणि त्या रेकनरच्या पानाची छायाप्रत जोडून घ्या. विभाग क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर त्यात दिसला पाहिजे. २६ लाख धरून रिटर्न भरलं असतं, तर छाननीत ५ लाख सरळ उडवले असते आणि वर कमी दाखवलेल्या उत्पन्नाचा दंड वेगळा.

आता एका हिश्श्याचा हिशेब. विक्री ४५ लाख, त्यातून दलालीचे ४५ हजार वजा, राहिले ४४.५५ लाख. २००१ ची किंमत २१ लाखांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ७ लाख.

२३ जुलै २०२४ पासूनचा नियम साधा आहे. महागाईची सवलत नाही आणि दर साडेबारा टक्के. त्याप्रमाणे नफा ३७.५५ लाख आणि कर ४,६९,३७५ रुपये.

पण त्या तारखेच्या आधी घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने येणाऱ्या करापेक्षा जास्त भरावा लागत नाही. जुन्या पद्धतीत ७ लाखांना महागाई निर्देशांक लावायचा. २००१-०२ चा १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ३.७६ पट. ७ लाखांचे २६.३२ लाख होतात, नफा उरतो १८.२३ लाख, त्यावर वीस टक्के म्हणजे ३,६४,६०० रुपये. एक लाखाहून अधिक फरक. वर चार टक्के उपकर दोन्हीकडे.

काही जण म्हणतील निर्देशांक २००९ पासून लावा, कारण मालमत्ता तुमच्याकडे तेव्हा आली. ते ऐकू नका. मागच्या मालकाच्या काळापासूनच निर्देशांक मिळतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय.

पाटीलबुवा
मेघनाताईंच्या हिशेबात एक ढोबळ फूटपट्टी घालतो, इतरांना उपयोगी पडेल. २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या विक्रीला, खर्च जाऊन हाती आलेली रक्कम २००१ च्या किमतीच्या साधारण ८.३६ पटीपेक्षा कमी असेल तर जुनी पद्धत स्वस्त, त्याहून जास्त असेल तर साडेबारा टक्के स्वस्त. इथे ४४.५५ भागिले ७, म्हणजे ६.३६. म्हणून जुनी पद्धत. नाशिकमध्ये गावठाणातल्या वाड्यांना २००१ लाही बरा दर होता, तिथे बहुधा जुनी पद्धत जिंकते. पण २००१ मध्ये शहराच्या कडेला असलेले आणि आता चौपट-पाचपट नव्हे तर पंधरापट झालेले प्लॉट असतील तर साडेबारा टक्केच बरे.

आडगावकर
मला कळत नाही एवढा खल का. आमची आडगावची दीड एकर द्राक्षबाग आम्ही विकतोय. शेतजमिनीवर टॅक्स नसतो असं तलाठ्यापासून सगळे सांगतात. वाड्यालाही हाच नियम लावता येत नाही का? सातबाऱ्यावर नाव आहे आमचं.

मेघना_ना
आडगावकर, वाड्याची मिळकत पत्रिका असते, सातबारा नाही. तो नियम इथे येतच नाही. पण तुमच्याच बाबतीत थांबा, नाहीतर मोठं नुकसान होईल. करमुक्त असते ती ग्रामीण शेतजमीन. नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांच्या वर आहे, त्यामुळे महापालिका हद्दीतली आणि हद्दीपासून आठ किलोमीटर हवाई अंतरातली शेतजमीन शहरी धरतात. आडगाव तर महापालिका हद्दीतच आहे. सातबारा असो, द्राक्ष असो, नफा करपात्र. तुम्ही किंवा आई-वडिलांनी विक्रीआधी दोन वर्षं ती कसलेली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन कलम ५४ बी ची सूट मिळते. नवी जमीन दिंडोरी-निफाडकडे घेतली तरी चालते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

वि_रा
कॅनडातल्या बहिणीबद्दल कुणीच बोललं नाही आणि या व्यवहारात सगळ्यात आधी अडणार तेच.

पहिलं, जुन्या पद्धतीची सवलत फक्त निवासींना आहे. त्यामुळे ताईंचा कर साडेबारा टक्क्यांनीच निघणार. उपकर धरून ४,८८,१५० रुपये.

दुसरं, टीडीएस. व्यवहार पन्नास लाखांच्या वरचा आहे, म्हणून आई आणि गोदाकाठ यांच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का कापेल, प्रत्येकी ४५ हजार. हिस्सा पन्नासच्या आत आहे म्हणून कापायचं नाही, असं आता चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विक्रेत्यांची रक्कम एकत्र मोजतात. ताईंसाठी मात्र एक टक्क्याचा नियमच नाही. अनिवासी विक्रेत्याला द्यायच्या रकमेवर साडेबारा टक्के अधिक उपकर, म्हणजे तेरा टक्के, आणि तोही प्रत्यक्षात पूर्ण ४५ लाखांवर कापतात. ५.८५ लाख. हक्काच्या करापेक्षा ९६,८५० रुपये जास्त, आणि ते परत मिळायला रिटर्न भरून वाट बघायची.

नेहमी घडणारी चूक अशी. नोंदणीच्या दिवशी खरेदीदार तिघांचंही एक टक्का फॉर्म २६ क्यूबी वर भरून मोकळा होतो, कारण त्याला तेवढंच माहीत असतं. मग वर्षभराने न कापलेल्या टीडीएसची वसुली आणि व्याज खरेदीदाराच्या मागे लागतं, आणि तो तुमच्या दारात येतो. ताईंच्या रकमेसाठी खरेदीदाराला टॅन, म्हणजे टीडीएस भरण्याचा क्रमांक, काढावा लागतो, टीडीएस पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेआधी भरावा लागतो आणि तिमाहीचं २७ क्यू विवरण द्यावं लागतं. खरेदीदार नवरा-बायको दोघे असतील तर दोघांचे वेगळे टॅन.

जास्तीचं कापणं टाळायचं असेल तर ताईंनी फॉर्म १३ भरून कमी दराचं प्रमाणपत्र घ्यायचं. ट्रेसेस पोर्टलवर लॉगिन करून अर्ज होतो. सोबत साठेखत, २१ लाखांचा व्हॅल्युएशन रिपोर्ट, वारस नोंदीची मिळकत पत्रिका आणि नफ्याचा हिशेब. महिना सव्वा महिना धरून चला. डिसेंबरअखेरचं खरेदीखत असेल तर अर्ज या आठवड्यातच गेला पाहिजे, कारण प्रमाणपत्र हे त्यानंतर दिल्या जाणाऱ्या पैशांनाच लागू होतं.

आणि इसाराचे ५ लाख. त्यातला तिसरा हिस्सा ताईंचा होता. तो देतानाच टीडीएस कापायला हवा होता. खरेदीदाराने आता महिन्याला एक टक्का व्याजासह तो भरून टाकावा. साधारण बावीस हजारांचा मामला आहे, आत्ताच मिटवलेला बरा.

गोदाकाठ
वि. रा. काका, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. खरेदीदार तर म्हणत होता की एक टक्का भरला की झालं. ताईंना आजच फोन करतो. आणखी एक राहिलं लिहायचं. वाड्यात खालच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू होते. त्यांना जागा सोडायला ६ लाख दिले, चेकने, नोटरी केलेला करार आहे. हे खर्चात धरता येतात का?

पाटीलबुवा
धरता येतात. वाडा मोकळा केल्याशिवाय कोणी घेणारच नव्हतं. विक्रीसाठीचा खर्च म्हणून अनेक निकालांत मान्य झालंय. प्रत्येकी २ लाख नफ्यातून वजा करा, जुन्या पद्धतीत ४० हजार वाचतात.

मेघना_ना
मी एवढ्या खात्रीने सांगणार नाही. विक्रीशी थेट संबंध दाखवता आला तर मान्य होतं, हे खरं. भाडेकरूंशी करार साठेखताच्या किती आधीचा आहे? खरेदीदाराने रिकामा ताबा मागितला, हे साठेखतात लिहिलेलं आहे का? तीन-चार वर्षांपूर्वी जागा सोडवली असेल तर अधिकारी म्हणेल हा विक्रीचा खर्च नाही. भाडेकरूंचे पॅन आणि भाड्याच्या जुन्या पावत्याही सांभाळा. पैसे खरंच भाडेकरूला गेले, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

गोदाकाठ
करार जून २०२५ चा, साठेखत ऑक्टोबरचं. रिकाम्या ताब्याची अट साठेखतात आहे.

पाटीलबुवा
मग माझ्या मते पक्की बाजू आहे.

मेघना_ना
चांगली आहे. पक्की मी फक्त आदेश हातात आल्यावर म्हणते.

सीमंतिनी
आईंच्या पैशांबद्दल लिहिते. त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत आणि बहुतेक जण आकडे न मांडताच बाँडकडे पळतात.

पहिली वाट, ५४ ईसी चे बाँड, ज्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी हे काढतात. खरेदीखतापासून सहा महिन्यांत घ्यायचे, पन्नास लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकतात. व्याज सव्वापाच टक्के, वर्षातून एकदा मिळतं आणि ते करपात्र. मध्येच गहाण ठेवून कर्ज काढलं तर सूट जाते. आईंना दरमहा व्याज हवं असेल तर इथे ते होणार नाही.

दुसरी वाट, कर भरायचा आणि उरलेले पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्या ८.२ टक्के, तीस लाखांची मर्यादा, व्याज तीन महिन्यांनी खात्यात.

आईंची पेन्शन वगैरे करपात्र उत्पन्न वर्षाला २ लाख धरू. नव्या करप्रणालीत ४ लाख करमुक्त, म्हणजे २ लाखांची न वापरलेली मर्यादा निवासी व्यक्तीला या नफ्यातून वजा करता येते. १८.२३ मधून २ वजा, उरले १६.२३ लाख. वीस टक्के आणि उपकर मिळून कर ३,३७,५८४, म्हणजे ३.३८ लाख.

आता १८.२३ लाखांची तुलना. सगळे बाँडमध्ये ठेवले तर पाच वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून २३.०२ लाख. कर भरून उरलेले १४.८५ लाख ज्येष्ठ योजनेत ठेवले तर २०.९४ लाख. बाँड दोन लाखांनी पुढे.

पाटीलबुवा
सीमंतिनी ताई, इथे पाय घसरतो. जुलै २०२४ च्या नव्या नियमात आईंचा नफा ३७.५५ लाख आहे. १८.२३ ही फक्त कर तुलना करण्यासाठीची रक्कम. सूट नफ्यावर मिळते, म्हणून कर शून्य करायला ३७.५५ लाखांचे बाँड लागतील. मग तुमची तुलना उलटते. ३७.५५ लाख बाँडमध्ये ठेवले तर पाच वर्षांनी ४७.४१ लाख. कर भरून ३४.१७ लाख उरतात, त्यातले ३० लाख ज्येष्ठ योजनेत, ४.१७ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत, तर ४७.८३ लाख. शिवाय पैसे गरजेला काढता येतात.

सीमंतिनी
माझं वाचन वेगळं आहे. कायदा म्हणतो, जुन्या तरतुदींनुसार जो कर आला असता त्याहून जास्तीचा सोडून द्या. जुन्या तरतुदींमध्ये सूटही आली. १८.२३ लाखांचे बाँड घेतले तर जुन्या हिशेबात कर शून्य, मग शून्याहून जास्तीचं सगळं सोडून द्यायचं. रिटर्नच्या युटिलिटीत दोन्ही पद्धतींचा हिशेब शेजारी शेजारी येतो. आईंचे आकडे भरून पाहिल्याशिवाय बाँडची रक्कम ठरवू नये.

मेघना_ना
कायद्याच्या शब्दांवरून मला सीमंतिनीचं बरोबर वाटतं. तरी यावर मी आईंचे पैसे लावणार नाही, लेखी सल्ला घ्या. मात्र एक बाब दोघांच्याही म्हणण्यात सारखी आहे. एकूण उत्पन्नात ३७.५५ लाखच दिसणार. अधिभार पन्नास लाखांच्या वर सुरू होतो, आणि तो मोजताना निर्देशांक लावलेला छोटा नफा कामाला येत नाही. गोदाकाठांचे ९ लाख पगाराचे मिळवले तर ४६.५५. काठावर आहात, या वर्षी शेअर विकून आणखी नफा करू नका.

आईंना अग्रिम कर लागत नाही. ज्येष्ठ आहेत आणि धंद्याचं उत्पन्न नाही, त्यामुळे रिटर्नसोबत भरला तरी व्याज नाही. जुलै २०२६ पर्यंत वेळ आहे, पण बाँडचे सहा महिने जूनअखेर संपतात. रिटर्नच्या तारखेशी त्याची गल्लत करू नका, इथे बरेच जण महिन्याभराने चुकतात.

सराफबाजार
मी म्हणालो ते कॅपिटल गेन खातं मग कुणासाठी?

वि_रा
गोदाकाठांसारख्यांसाठी, ज्यांचा फ्लॅट अजून बांधला जातोय. वाडा हे राहतं घर धरलं जातं, म्हणून कलम ५४. त्यात फक्त नफ्याएवढी रक्कम घरात घालावी लागते, पूर्ण विक्री किंमत नाही. मोकळा प्लॉट विकला असता तर कलम ५४ एफ, आणि तिथे हाती आलेली पूर्ण रक्कम घालावी लागते.

तयार फ्लॅट घेतला तर विक्रीपासून दोन वर्षं, विक्रीआधीचं एक वर्षही चालतं. बांधून घ्यायचा असेल तर तीन वर्षं. गोदाकाठ, बिल्डरने ताबा कधीचा सांगितलाय?

गोदाकाठ
डिसेंबर २०२८. फ्लॅट ५२ लाखांचा. जुलैपर्यंत १५ लाख भरून होतील.

वि_रा
तीन वर्षं बरोबर डिसेंबर २०२८ लाच संपतात. हे फार ताणलेलं आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून पूर्णत्वाची घोषित तारीख बघा. बिल्डर तोंडी सांगतो ती एक आणि तिथली एक, असं हमखास दिसतं. तिथे २०२९ चं साल असेल तर दुसरा प्रकल्प शोधा. ताबा उशिरा मिळाला तरी पैसे वेळेत भरलेले असतील तर सूट टिकल्याचे निकाल आहेत, पण ती लढाई तुम्हाला लढावी लागेल.

पैशांचं असं करा. सूट ३७.५५ लाखांवर हवी. ३१ जुलै २०२६ पर्यंत बिल्डरला १५ लाख गेलेले असतील, तर उरलेले २२.५५ लाख रिटर्न भरण्याआधी आणि त्या तारखेच्या आत कॅपिटल गेन खात्यात पाहिजेत. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत पडलेले पैसे धरत नाहीत. या चुकीने भल्याभल्यांची सूट गेली आहे. खातं दोन प्रकारचं असतं, बचतीसारखं ए आणि मुदत ठेवीसारखं बी. बिल्डरचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतात, म्हणून पुढच्या सहा-आठ महिन्यांची रक्कम ए मध्ये ठेवा आणि बाकी बी मध्ये. बँकेच्या प्रत्येक शाखेत हे खातं उघडत नाहीत, आधी चौकशी करा. शेवटच्या आठवड्यात शाखा शोधत फिरायची वेळ आणू नका.

हप्त्यासाठी फॉर्म सी भरून पैसे काढायचे, साठ दिवसांत बिल्डरला द्यायचे, उरले तर परत खात्यात. पुढच्या वेळी मागच्या पैशांचा हिशेब फॉर्म डी मध्ये द्यावा लागतो. खातं बंद करायला आयकर अधिकाऱ्याची संमती लागते. यातले पैसे "आपलेच आहेत" म्हणून दुसऱ्या कामाला काढता येत नाहीत. व्याज दरवर्षी करपात्र. आणि नवा फ्लॅट ताब्यानंतर तीन वर्षांत विकू नका, नाहीतर आज वाचवलेला नफा तेव्हा परत अंगावर येतो.

तुमच्या बाबतीत पाटीलबुवा आणि सीमंतिनींचा वाद आडवा येत नाही. फ्लॅट ५२ लाखांचा आहे, ३७.५५ च्या हिशेबानेच चला.

आडगावकर
तुमच्यामुळे आमचं साठेखत आठवडाभर थांबवलंय. नवा धागा काढतो. बागेवर २०२३ पासून ठेकेदार होता, मग "कसलेली" धरतात का?

मेघना_ना
तोच प्रश्न त्या धाग्यात पहिला लिहा. ठेक्याचा करार आणि सातबाऱ्याचं पीकपाणी दोन्ही बघावं लागेल.

सीमंतिनी
गोदाकाठ, १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय आणि कलमांचे आकडे बदलतायत. तुमची विक्री त्याआधीची, म्हणून ५४ आणि ५४ ईसी हेच आकडे वापरा. बँकेत जुलैमध्ये कुणी नवा आकडा सांगून गोंधळात टाकलं तर विक्रीची तारीख दाखवा.

गोदाकाठ
आजची स्थिती. व्हॅल्युअरने २१ लाखांचा रिपोर्ट दिला, रेकनरचं पान जोडून. इसारातले १,६६,६६७ रुपये आईच्या खात्यात पाठवले, ताईंचे त्यांच्या एनआरओ खात्यात. ताईंचा फॉर्म १३ काल भरला. खरेदीदाराचा टॅनचा अर्जही गेलाय. महारेरावर फ्लॅटची तारीख मार्च २०२९ निघाली. म्हणून तो सोडला आणि इंदिरानगरमध्ये तयार फ्लॅट बघतोय. आईच्या बाँडचं अजून ठरलेलं नाही, सीए आणि सीमंतिनी ताईंचं एक मत आहे, दुसऱ्या सीएचं पाटीलबुवांसारखं. प्रमाणपत्र खरेदीखताआधी आलं नाही तर तारीख पुढे ढकलायची की तेरा टक्के कापून घ्यायचे?

वि_रा
खरेदीदार थांबायला तयार असेल तर पुढे ढकला, मात्र साठेखतातली मुदत लेखी वाढवून घ्या. तो थांबत नसेल तर आई आणि तुमचे पैसे नोंदणीला घ्या, ताईंच्या पैशांचे १३ टक्के कापू द्या. परतावा व्याजासह मिळतो, पैसे बुडत नाहीत. ताईंनी भारतात रिटर्न भरलंच पाहिजे, आणि परतावा मिळण्यासाठी त्यांचं इथलं बँक खातं आयकर पोर्टलवर आधी पडताळून घ्या.